चंद्राचा पत्ता आणि भागीदारीचा संशय
आज एक ताई भागीदार काही लपवतो आहे का, हे विचारायला आल्या आणि टॅरोच्या तीन पत्त्यांत मधोमध अठरावा, म्हणजे चंद्राचा पत्ता निघाला. ‘म्हणजे फसवतोच आहे,’ असे त्या लगेच म्हणाल्या. पण १९०९ च्या रायडर-वेट संचातल्या या चित्रात चोर कुठेच नाही, आहेत ते चंद्राकडे तोंड वर केलेले कुत्रा आणि लांडगा. अंधुक उजेडात पाळीव कोण आणि रानटी कोण हे ओळखू येत नाही, एवढेच मी त्यातून वाचते, आणि त्यात विचारणाऱ्याची भीतीही धरते. शेजारी लपवाछपवीचा पत्ता मानली जाणारी तलवारींची सत्ती असती, तर मी अधिक सावध केले असते. नेमके काय दिसलेले नाही, असे मी विचारले. ‘चार महिन्यांचे बँक स्टेटमेंट,’ त्या हळूच म्हणाल्या. ते आधी मागून घ्या, एवढेच मी सांगितले.