आमची वाटचाल : बंद पेटीतला अर्ध्या वॉटचा रेझिस्टर

अंबड एमआयडीसीतल्या एका भाड्याच्या गाळ्यात आमचं काम सुरू झालं ते दुरुस्तीपासून. दिंडोरी, निफाड, पिंपळगाव भागातल्या द्राक्षबागांवरून मोटर स्टार्टरच्या पेट्या यायच्या. आज आम्ही स्वतःची कंट्रोल कार्डं बनवतो. त्या कार्डांमधला प्रत्येक रेझिस्टर आम्ही कसा निवडतो, ते त्या दुरुस्तीच्या टेबलावर ठरलं.

एका बनावटीचं सिंगल फेज प्रिव्हेंटर कार्ड, म्हणजे तीनपैकी एखादा फेज गेला की रिले सोडून मोटर बंद करणारं कार्ड, उन्हाळा सुरू झाला की हमखास यायचं. तक्रार एकच, मोटर मध्येच बंद पडते. कार्डावर एक ३९० ओहमचा, अर्ध्या वॉटचा मेटल फिल्म रेझिस्टर होता. त्याच्या रंगपट्ट्या काळवंडलेल्या असायच्या, खालचा बोर्ड तपकिरी झालेला आणि पायांचं सोल्डर निस्तेज, भोवती बारीक तडा गेलेलं. मीटर लावला की किंमत चारशेच्या बरीच पुढे सरकलेली दिसायची. म्हणजे रिलेला पुरेसा व्होल्टेज पोहोचत नव्हता. आमच्या आधी कुणीतरी तोच रेझिस्टर नवा बसवून दिलेला असायचा. निफाडचे एक बागाईतदार म्हणाले, "दादा, नवा टाकून दर वर्षी चालू होतं, पण पुढच्या एप्रिलला परत तेच. एकदाचं कारण शोधा."

कागदावर त्या रेझिस्टरमध्ये काही चूक दिसत नव्हती. ट्रान्सफॉर्मर आणि रेक्टिफायरमधून २४ व्होल्ट डीसी येत होते, रेग्युलेटर नव्हता. रिले १२ व्होल्टचा, कॉइल ४०० ओहमची. उरलेला व्होल्टेज अंगावर घ्यायला तो ३९० ओहम. प्रवाह सुमारे ३० मिलिअँपिअर, रेझिस्टरमध्ये ०.३६ वॉट. अर्ध्या वॉटचा भाग त्यासाठी पुरेसा वाटतो. पण या कार्डात तिन्ही फेज ठीक असतील तोवर रिले ओढलेलाच राहतो, म्हणजे रेझिस्टरला विसावा नाही. शिवाय आसपासच्या मोटरी बंद असल्या की बागेवरचा व्होल्टेज चढतो. आम्ही २३० च्या जागी २६८ पर्यंत पाहिलेला आहे. मग २४ चे २८ होतात आणि रेझिस्टरमधली उष्णता वर्गाच्या पटीत वाढून ०.४९ वॉटवर जाते.

याहून मोठी गोष्ट तापमानाची होती. डेटाशीटमधला "अर्धा वॉट" हा भोवतालची हवा ७० अंशांपर्यंत असतानाचा आकडा आहे. त्यापुढे परवानगी सरळ रेषेत उतरत जाते आणि अशा मेटल फिल्मसाठी साधारण १५५ अंशांवर शून्य होते. इथली हवा म्हणजे रेझिस्टरच्या अगदी लगतची हवा. बागेतली नव्हे, पेटीबाहेरचीही नव्हे. आम्ही बारीक थर्मोकपल घेऊन एक पेटी उन्हात चालू ठेवली आणि आकडा स्थिर होईपर्यंत थांबलो. सावलीत ४० अंश असताना राखाडी पत्र्याच्या बंद पेटीत ६५ होते, आणि ट्रान्सफॉर्मरच्या शेजारी, जिथे तो रेझिस्टर होता, तिथली हवा ९० अंशांची निघाली. ती हवा तापवणारं मुख्यतः शेजारचं सामान होतं. या हवेची मोजणी करताना आम्ही थर्मोकपलचं टोक रेझिस्टरच्या अंगापासून सेंटिमीटरभर दूर ठेवतो, नाहीतर हवेऐवजी त्याचंच अंग मोजलं जातं.

९० अंशांवर परवानगी किती? १५५ मधून ९० गेले की ६५ उरतात, ते १५५ वजा ७० म्हणजे ८५ च्या जागी. म्हणजे सुमारे तीन चतुर्थांश, ०.३८ वॉट. भाग मात्र ०.४९ वॉट जाळत होता.

ही रेषा म्हणजे नुसता सावधगिरीचा नियम नाही. ती रेझिस्टरचं अंग किती तापतं हे सांगते. अर्धा वॉट जाळला की अंग हवेपेक्षा ८५ अंशांनी चढतं, म्हणजे दर वॉटला १७० अंश. ०.४९ वॉटला सुमारे ८३ अंशांची चढ, त्यात ९० मिळवा, १७३ झाले. मर्यादा १५५. काळवंडलेल्या पट्ट्या हाच आकडा दाखवत होत्या. पाय, बोर्डचं तांबं, कोंडलेली हवा यांनी तो पाच-दहा अंश इकडेतिकडे होईल, पण दिशा बदलत नाही.

याच हिशोबाने मोठा भाग तपासला. एक वॉटचा घेतला तर दर वॉटला ८५ अंश, म्हणजे अंग सुमारे १३२ वर. रेझिस्टरला हे चालतं. पण बोर्ड स्वस्त कागदी फिनोलिकचा होता, त्याला सतत एवढं तापमान झेपत नाही, आणि पायांतून उष्णता थेट सोल्डरपर्यंत उतरते. म्हणून दुरुस्तीसाठी आम्ही दोन वॉटचा ठरवला. त्याचं अंग १११ च्या आसपास राहतं. तो बोर्डापासून उचलून बसवला, पेटीत वरच्या बाजूला आणि इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरपासून लांब. गरम हवा वर जाते आणि कपॅसिटरच्या वाटेत आली तर दर दहा अंशांमागे त्याचं आयुष्य साधारण निम्मं होतं. पाय उंच ठेवले की बोर्ड थंड राहतो, पण रेझिस्टरचं अंग थोडं जास्त तापतं, हेही हिशोबात धरावं लागतं.

मात्र एक गोष्ट आमच्या मुलांना मी वारंवार सांगतो. दोन वॉटचा बसवला म्हणून उष्णता कमी होत नाही. जळतात ते ०.४९ वॉटच, फक्त मोठ्या अंगावर पसरतात. पेटी तेवढीच तापते. वायरवाउंड घेऊन तर फसगत जास्त होते, कारण तो भाग दोनशे अंशांच्या पुढे सुखाने चालतो आणि शेजारचे सगळे भाजून काढतो.

स्वतःचं कार्ड बनवायला घेतलं तेव्हा म्हणून आम्ही तो रेझिस्टरच काढून टाकला. २४ व्होल्टच्या कॉइलचा रिले घेतला, १६०० ओहमचा. १५ मिलिअँपिअरवर तो तेवढंच काम करतो. आधी रिले आणि रेझिस्टर मिळून ०.७३ वॉट जायचे, आता ०.३६. चढलेल्या व्होल्टेजला कॉइल किती तापमानापर्यंत टिकते ते रिलेच्या डेटाशीटमध्ये वेगळं पाहावं लागतं, ते पाहूनच रिले घेतला.

जिथे रेझिस्टर टाळता येत नाही तिथे आमचा क्रम ठरलेला आहे. सर्वांत चढा व्होल्टेज धरून वॉट काढायचे, भागालगतची हवा मोजायची, रेषेवरून परवानगी काढायची आणि तिच्या निम्म्याच्या वर जायचं नाही. नवी पेटी असेल आणि हवा मोजायला नमुना तयार नसेल, तर आम्ही ९० अंशच धरतो.

खरेदीचा भाग राहिला. बाजारात आता पाव वॉटच्या आकारात अर्ध्या वॉटचे लहान रेझिस्टर मिळतात. ते खोटे नसतात, पण तेवढ्याच उष्णतेला त्यांचं अंग छोटं असतं, आणि काहींची रेषा वेगळ्या तापमानापासून उतरते. म्हणून आम्ही बनावट आणि मालिका डेटाशीटसकट लिहूनच ऑर्डर देतो. डेटाशीट नसलेला माल आला तर कॅलिपरने अंग मोजतो आणि त्या आकाराला शोभेल तेवढंच वॉटेज त्याला देतो, पाकिटावर काहीही छापलेलं असो.