पुढच्या वर्षी येते

शर्यतीच्या संयोजकांना पाठवायचं दुखापतीचं पत्र म्हणजे शाळेतल्या रजेच्या अर्जाचा थोरला भाऊ. तिथे 'तब्येत ठीक नसल्यामुळे' एवढ्यावर भागायचं. इथे नडगी, गुडघा, घोटा, पोटरी यांपैकी नेमकं काय ते सांगावं लागतं आणि वर वाचणाऱ्याचा विश्वासही बसावा लागतो.

ही पत्रं वाचायचं काम माझ्याकडे काही वर्षं आहे. आमचा धावणाऱ्यांचा एक गट पावसाळ्यात घाटरस्त्यावर २१ किलोमीटरची शर्यत भरवतो. हौसेचा मामला, पगारी माणूस एकही नाही. टपाल बघायला कुणी तयार होईना म्हणून ते माझ्या गळ्यात पडलं. नोंदणी सुरू असते तोवर 'टी-शर्ट कॉलरवाला आहे का' असले प्रश्न येतात. खरी गर्दी होते ती शर्यतीच्या आधीच्या दहा दिवसांत. त्या दिवसांत अख्ख्या तालुक्याचे गुडघे एकदम दुखायला लागतात. यातले काही खरेच दुखत असतात. काहींचा सराव झालेला नसतो, आणि काहींनी मागच्या रविवारी घाट बघून घेतलेला असतो!

पत्रांच्या तऱ्हाही ठरलेल्या आहेत. एका तऱ्हेत दीड पान आत्मचरित्र असतं: वडिलांना मधुमेह झाला, मग मी धावायला लागलो, मग वजन कमी झालं. शेवटच्या ओळीपर्यंत पोचलं की कळतं, घोटा मुरगळलाय. दुसऱ्या तऱ्हेत एक अक्षर नसतं, फक्त एमआरआयचे चौदा फोटो. तिसरी तऱ्हा वकिली असते, 'ग्राहक म्हणून माझा हक्क' वगैरे. आणि या सगळ्यांत नोंदणी क्रमांक मात्र सापडत नाही. नोंदणी बायकोच्या ईमेलवरून, पत्र स्वतःच्या ईमेलवरून आणि सही नुसती 'राहुल'. आमच्या यादीत राहुलांची वाण नाही.

उत्तर बहुधा 'नाही' असतं. नोंदणीच्या नियमांत ते लिहिलेलंही असतं: पैसे परत नाहीत, नोंदणी दुसऱ्याच्या नावावर नाही, पुढच्या वर्षावर ढकलणं नाही. तिथे खूण करूनच माणूस पुढे गेलेला असतो. यात संयोजकांचा दुष्टपणा असतो असं मला वाटायचं, टपालात बसले तेव्हा हिशोब कळला. शर्यतीला सहा आठवडे राहिले की टी-शर्टची मापं शिंप्याच्या कारखान्याकडे जातात. पदकं त्याच्याही आधी ओतायला दिलेली असतात. नंतर बिब, म्हणजे छातीवर लावायचे क्रमांकाचे कागद, छापतात आणि प्रत्येकाच्या मागे वेळ मोजणारी चिप चिकटवतात. रुग्णवाहिका, पाण्याची टेबलं, केळी, सगळं माणशी मोजलेलं. म्हणजे न येणाऱ्या माणसाचे पैसे तो येणार नाही हे कळायच्या आधीच खर्च झालेले असतात. त्याला पुढच्या वर्षी फुकट घेतलं तर त्याचा खर्च दोनदा होतो. आणि घाटातला रस्ता तर पुढच्या वर्षी रुंद होत नाही. शंभर जणांना पुढे ढकललं की पुढच्या वर्षी शंभर नव्या लोकांना दार बंद.

मग लोक आपापसात मार्ग काढतात. बिब मित्राला देतात. 'वाया कशाला घालवायचं?' हा आपला राष्ट्रीय प्रश्न. पण बिबच्या मागे रक्तगट आणि घरच्यांचा फोन नंबर लिहिलेला असतो. घाटात चक्कर येऊन पडला मित्र आणि फोन गेला तुमच्या आईला, अशी वेळ येऊ शकते. शिवाय पंचावन्न वर्षांच्या काकूंच्या चिपवर पंचविशीतला भाचा पळाला की काकू वयोगटात पहिल्या येतात, आणि ज्या बाई खरोखर पहिल्या आल्या त्या मंडपात पदकाची वाट बघत बसतात.

हे सगळं मान्य करूनही सरसकट 'नाही' मला पटत नाही. पैसे बुडणार आणि जागाही जाणार असं दिसलं की माणूस गोळी घेऊन सुरुवातीच्या रेषेवर उभा राहतो. मग त्याला उताराच्या पायथ्याशी खुर्चीवर बसवायला आमचेच स्वयंसेवक लागतात. मोठ्या मॅरेथॉन शर्यतींनी यावर काढलेला तोडगा शहाणपणाचा आहे. लंडनमध्ये सोडतीतून मिळालेली किंवा न्यूयॉर्कमध्ये हाती असलेली जागा मुदतीत कळवून सोडली, तर पुढच्या वर्षी जागा मिळण्याची सोय आहे, मात्र शुल्क पुन्हा भरायचं. यंदाचे पैसे गेले ते गेले, जागा मात्र राहिली. बॉस्टन दुखापतीसाठी एवढंही देत नाही. गरोदर धावपटूंना मात्र २०२३ पासून तिथेही पुढे ढकलता येतं.

आता माझ्यावर आलेली पाळी. दुसऱ्या जिल्ह्यातल्या एका घाटशर्यतीत मी नाव घातलं होतं. शर्यतीला सातेक आठवडे असताना डाव्या नडगीच्या आतल्या बाजूला दुखायला लागलं. नडगी दुखणं धावणाऱ्यांना नवं नसतं. हाडाच्या कडेने वीतभर पट्टा ठणकतो, अंग गरम झालं की कमी होतो, काही आठवडे बेताने घेतलं की जातो. हे दुखणं तसं नव्हतं. दुखतं ती जागा एका बोटाने दाखवता यायची. पळायला लागल्यावर ते वाढत जायचं आणि रात्री पांघरुणात पाय हलला तरी कळायचं. डाव्या पायावर एक उडी मारून बघितली, दुसरी मारायची हिंमत झाली नाही.

डॉक्टरांनी आधी एक्स-रे काढला. तो स्वच्छ. आमचे हे लगेच म्हणाले, "चला, काही नाही." डॉक्टर म्हणाले, "पहिले दोन-तीन आठवडे एक्स-रेत बहुतेकदा काही दिसतच नाही. हाड भरायला लागतं तेव्हा खूण उमटते. एमआरआय करून घ्या, ताई." एमआरआयमध्ये हाडाच्या आत सूज आणि एक बारीक रेघ दिसली. स्ट्रेस फ्रॅक्चर. म्हणजे पडून-आपटून मोडलेलं हाड नव्हे. प्रत्येक पावलाला जी बारीक झीज होते ती भरून यायच्या आत पुढची झीज होत गेली, की शेवटी चीर पडते. सहा ते आठ आठवडे पळणं बंद. तशीच पळत राहिले तर चिरेचा पुरता तुकडा होऊ शकतो, हे त्यांनी पेन टेबलावर आपटून सांगितलं.

तेव्हा पत्र लिहायला बसले. एवढी पत्रं वाचलेली बाई, माझं तरी आटोपशीर असेल की नाही? कसलं काय! पहिल्या मसुद्यात पहाटे साडेचारचा गजर होता, घाटातलं धुकं होतं आणि 'ही शर्यत माझ्यासाठी नुसती शर्यत नाही' असं एक वाक्यसुद्धा होतं. ते सगळं खोटं नव्हतं, पण टपालात बसलेल्या त्या दुसऱ्या बाईला त्याचं काय करायचं? तिला चार गोष्टी हव्या असतात: कोण, काय झालं, पुरावा काय, आणि तिने नेमकं काय करायचं. शेवटी गेलं ते पत्र असं:

"सप्रेम नमस्कार. विषय: २१ कि.मी. नोंदणी पुढील वर्षासाठी राखून ठेवण्याबाबत. नोंदणी क्रमांक आणि नोंदणीचा ईमेल खाली दिला आहे. डाव्या नडगीच्या हाडाला स्ट्रेस फ्रॅक्चर झाल्याने डॉक्टरांनी मला आठ आठवडे धावण्यास मनाई केली आहे. त्यांचं प्रमाणपत्र सोबत जोडलं आहे. नोंदणी पुढे ढकलता येत नाही हा आपला नियम मी वाचला आहे. यंदाचं शुल्क मी परत मागत नाही. पुढील वर्षीचं शुल्क त्या वेळच्या दराने पूर्ण भरेन. फक्त नोंदणी सर्वांना खुली होण्याआधी माझ्यासाठी एक जागा राखता येईल का, एवढंच विचारायचं आहे. यंदाचा टी-शर्ट आणि पदक माझ्यासाठी काढू नये. प्रतीक्षायादी असल्यास माझी यंदाची जागा त्यातील कुणाला द्यावी. माझं बिब मी कुणालाही देणार नाही. कळावे, आपली विश्वासू."

यातल्या दोन वाक्यांवर माझी भिस्त होती. 'नियम मी वाचला आहे' हे लिहिलं की नियमाचं चित्र उलट टपाली चिकटवून पाठवायची सोय उरत नाही, समोरच्याला विचार करावा लागतो. आणि 'शुल्क परत मागत नाही' हे वाचलं की विषय खजिनदाराकडून निघून नोंदणी बघणाऱ्याकडे येतो. खजिनदार कुठल्याही गटातला असो, त्याला 'हो' म्हणता येत नाही, हा माझा अनुभव.

प्रमाणपत्रही मी एका कागदाचंच मागून घेतलं. नाव, तारीख, कशासाठी मनाई आणि किती दिवस, बस. एमआरआयचा अख्खा अहवाल कुणा अनोळखी माणसाच्या टपालात पाठवायचं कारण नाही. त्यात आपलं वय, वजन आणि इतरही काय काय असतं. आणि पाठवलं त्याच आठवड्यात, कपड्यांची मापं जायच्या आत. हेच पत्र शर्यतीच्या चार दिवस आधी गेलं असतं तर त्यातला शब्द न् शब्द खरा असूनही त्या तालुकाभरच्या गुडघ्यांत मिसळून गेलं असतं.

चार दिवसांनी उत्तर आलं. लिहिणारा मुलगा असावा, 'काकू' म्हणून सुरुवात. नियम बदलता येत नाही, पण पुढच्या वर्षी नोंदणी उघडायच्या आधी वेगळी लिंक पाठवू, त्यावर पूर्ण शुल्क भरायचं. यंदाची जागा प्रतीक्षायादीतल्या एकाला दिली. पाय नीट बरा होऊ द्या, उताराची घाई करू नका. आणि ताजा कलम: राखीव जागांची यादी आत्ताच करतोय, तर पुढच्या वर्षीच्या टी-शर्टचं माप लगेच कळवा.

मी नेहमी 'एम' लिहिते. पण आठ आठवडे पळणं बंद, मध्ये गणपती, मग दिवाळी. ह्यांना विचारलं, तर पेपरातून डोकं वर न काढता म्हणाले, "एल सांग." 'एम'च कळवलंय.