हातचा राहिलेला एक

आमच्या माध्यमिक शाळेच्या कार्यालयात मी लिपिक आहे, आणि हार्मोनियम थोडीफार वाजवता येत असल्यामुळे शाळेतील प्रत्येक समारंभाची गाणी आपोआपच माझ्या टेबलावर येऊन पडतात. गणिताच्या बाईंच्या सेवापूर्तीचा कार्यक्रम ठरला तेव्हाही तसेच झाले. त्यांच्या सेवापुस्तकात जन्मतारीख 1 जून अशी नोंदलेली आहे. शाळेत नाव घालताना गुरुजींनी लिहिलेल्या या तारखेने महाराष्ट्रात किती लोक निवृत्त होतात, हे कोणत्याही शाळेच्या लिपिकाला विचारावे. महिन्याच्या 1 तारखेला जन्मलेला कर्मचारी आधीच्या महिन्याच्या अखेरीस निवृत्त होतो, त्यामुळे वयाची 58 वर्षे पूर्ण होताना बाईंचा शेवटचा दिवस 31 मे हा येत होता, म्हणजे ऐन उन्हाळी सुट्टीत. रिकाम्या शाळेत निरोप कोण देणार, म्हणून कार्यक्रम एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात घ्यायचे ठरले आणि माझ्या हाती तयारीला जेमतेम बारा दिवस आले.

शिक्षकांनी गाण्यांची पहिली यादी दिली ती वाचूनच मला दोन वर्षांपूर्वीचा एक कार्यक्रम आठवला. तेव्हा निवृत्त होणाऱ्या एका सरांसाठी आम्ही सर्वांनी मिळून तुकोबांचा ‘आम्ही जातो आमुच्या गावा’ हा अभंग म्हटला होता. निवड माझीच होती. चाल सर्वांना येत होती, ‘राम राम’ हा शब्द होता, आणि निरोपाला याहून योग्य काय असणार, असे मला मनापासून वाटले होते. दुसऱ्या कडव्यापर्यंत सभागृहात अशी शांतता पसरली की पेटीच्या भात्याचा आवाज ऐकू येऊ लागला, आणि पहिल्या रांगेत बसलेल्या सरांच्या पत्नी पदराने डोळे पुसू लागल्या. सर सुखरूप समोर बसलेले, दुसऱ्या दिवशी गावाकडच्या विहिरीचे काम पाहायला निघणारे, आणि आम्ही मात्र वैकुंठाला निघालेल्या माणसाचे शब्द त्यांच्यासमोर गात होतो. चूक काय झाली हे मला त्या दिवशी उमगले नाही. पुढे कधीतरी सुचले की त्या अभंगात बोलणारा माणूस जाणारा आहे, आणि आम्ही तर मागे राहणारे होतो. जाणाऱ्याचे शब्द मागे राहणाऱ्यांनी म्हटले की तो निरोप राहत नाही, बोळवण होते.

म्हणून या वेळी मी यादीतले प्रत्येक गाणे पेटी बंद ठेवून, चालीशिवाय, नुसते वाचून पाहायचे ठरवले. समोरच्या खुर्चीत बाई बसल्या आहेत असे धरायचे आणि सगळी कडवी त्यांना उद्देशून मोठ्याने वाचायची. आपल्याला बहुतेक गाण्यांचे ध्रुवपदच पाठ असते, आणि घात होतो तो अंतऱ्यात. यादीत ‘अखेरचा हा तुला दंडवत’ होते. त्यात गाव सोडून जाणारी स्वतः बोलते, तेव्हा ते तेथेच बाद झाले. ‘चलते चलते’ या 1976 च्या चित्रपटातील ‘कभी अलविदा ना कहना’ म्हणणारे गाणे तर सर्वांच्या आग्रहाचे होते, कारण प्रत्येक निरोप समारंभात ते असतेच. पण त्याचा अंतरा वाचून पाहिल्यावर त्यात प्रेम करता करता हरवून जाण्याची आणि थकून झोपी जाण्याची भाषा निघाली. ती मी आमच्या शारीरिक शिक्षणाच्या सरांना, बाईंच्या चेहऱ्याकडे पाहत आहोत असे समजून, सावकाश वाचून दाखवली. पुढचे गाणे बघा, एवढेच ते म्हणाले.

उलट मंगेश पाडगावकरांचे ‘या जन्मावर, या जगण्यावर शतदा प्रेम करावे’ हे गाणे वाचताना एक गोष्ट प्रथमच लक्षात आली. यशवंत देवांची चाल आणि अरुण दाते यांचा आवाज यांमुळे ते इतक्या वेळा कानावर पडलेले आहे की त्यातील क्रियापदाकडे माझे कधी लक्षच गेले नव्हते. ‘करावे’ या रूपाला ‘मी’ही लागत नाही आणि ‘तू’ही लागत नाही. जाणारा आणि राहणारे दोघेही ते शब्द एकाच वेळी, एकमेकांकडे पाहत म्हणू शकतात आणि कोणाचाच कोणाला निरोप होत नाही. भूतकाळही त्यात नाही. मागे वळून हिशेब मांडणारी गाणी निरोपाच्या प्रसंगी जड होतात, याचे कारण मला वाटते की श्रोत्यांच्या मनात तो हिशेब आधीच चालू असतो. हे गाणे सर्वांनी मिळून शेवटी म्हणायचे असे ठरले. पाचवीच्या मुलांसाठी ‘सांग सांग भोलानाथ’ घेतले, कारण शाळेभोवती तळे साचून सुट्टी मिळण्याची इच्छा ज्या बाईंनी इतकी वर्षे पुरी होऊ दिली नव्हती, त्यांनाच आता कायमची सुट्टी लागत होती. हा विनोद मुलांना समजावून सांगावा लागला नाही.

तालमीला बसल्यावर वेगळीच अडचण उभी राहिली. ‘या जन्मावर’ म्हणताना शिक्षिकांनी आपल्या सोयीने काळी पाचच्या पट्टीत सुरुवात केली, तेव्हा अंतऱ्यात सरांचे आवाज फाटू लागले, आणि जे फाटायला तयार नव्हते ते नुसते ओठ हलवू लागले. सरांच्या पट्टीत घेतले तर शिक्षिकांचे खालचे स्वर घशातच राहत. अशा वेळी ध्रुवपदावरून पट्टी ठरवण्याची चूक बहुतेक जण करतात. ध्रुवपद सोपे असते, तेथे सर्व पट्ट्या चालतात. मी गाण्यातील सर्वांत उंच ओळ आधी सर्वांकडून म्हणवून घेतली, ती जेथे कोणालाही मान वर न करता म्हणता आली तेथे थांबलो, आणि मग सर्वांत खालची ओळ ऐकू येते का ते पाहिले. दोन-तीन पट्ट्या उतरून-चढून आम्ही काळी एकवर स्थिरावलो. पुरुष खालच्या सप्तकात आणि स्त्रिया वरच्या, असे गाणे आपोआप जमले.

दुसरा दोष लयीचा होता आणि तो अधिक घातक होता. न शिकलेले चौदा जण एकत्र गाऊ लागले की प्रत्येक ओळीचा शेवटचा स्वर लांबतो, कारण जो तो दुसऱ्याची वाट पाहतो. प्रत्येक ओळीला असा अर्धा श्वास वाढत गेला की तिसऱ्या कडव्यापर्यंत अगदी आनंदी गाणेही श्रद्धांजलीसारखे वाटू लागते. मोबाइलवर ध्वनिमुद्रण करून मी त्यांना ते ऐकवले तेव्हा हशा पिकला. उपाय एवढाच केला की शिपाईमामांना ढोलकी दिली, ओळीचा शेवटचा शब्द जरा तोडूनच म्हणायचा असा नियम घातला, आणि पुढची ओळ उचलण्याची जबाबदारी मराठीच्या बाईंवर सोपवली. त्यांनी उचलली की सर्वांनी मागोमाग जायचे, वाट कोणी पाहायची नाही.

तरीही काहीतरी उणे होते. गाणी बरी होती, पण त्यांत आमच्या बाई नव्हत्या. प्रसिद्ध चालीवर नवे शब्द बसवण्याची सूचना आली, परंतु तशी गीते ऐकताना श्रोत्यांच्या कानात मूळ शब्दच वाजत राहतात. त्यापेक्षा ‘पहिली माझी ओवी गं’ अशी जात्यावरची मोजत जाणारी ओवी घ्यावी असे मी सुचवले. तिला दोनच ओळी लागतात, स्वर चार-पाच पुरतात, आणि एकाने म्हटली की पुढची दुसऱ्याने घ्यायची असते. शिवाय मोजणीची ओवी गणिताच्या बाईंना शोभणारी होती. अट एकच घातली की ओवीत गुणवर्णन नको, डोळ्यांना दिसणारी एखादी वस्तू हवी. ‘ज्ञानाचा सागर’ आणि ‘मायेची सावली’ असलेले दोन कागद मी परत केले, त्याबद्दल दोघांचा रुसवा अजून चालू आहे. जमल्या त्या ओव्या अशा होत्या:

पहिली माझी ओवी गं, पहिल्या तासाची
खडूच्या धुळीमध्ये गोडी गणिताची

दुसरी माझी ओवी गं, राहिला हातचा
विसरू नको पोरा, हा शब्द बाईंचा

तिसरी माझी ओवी गं, मधल्या सुट्टीची
लोणच्याची एक फोड आमच्या वाटणीची

चौथी माझी ओवी गं, उद्याच्या दिसाची
घंटा नाही, घाई नाही, न्याहारी सुखाची

पहिली ओवी शिक्षकांची, दुसरी विद्यार्थ्यांची, तिसरी आम्हा कार्यालयातील मंडळींची आणि चौथी पुन्हा सर्वांची.

क्रमाचा विचार मात्र मुख्याध्यापकांशी थोडा वाद घालूनच करावा लागला. आमच्याकडे शेवटी पसायदान उभे राहून म्हणण्याची पद्धत आहे. त्यात दुःख नाही हे खरे, पण भाषणांनी गळे दाटून आलेले असताना सर्व जण हात जोडून, मान खाली घालून उभे राहिले की ते दृश्य कशासारखे दिसते, हे मी त्यांना नीट बोलून दाखवू शकलो नाही; त्यांनीच ते ओळखले. पसायदान प्रारंभी प्रार्थना म्हणून घेतले. शाल-श्रीफळानंतर लगेच गाणे ठेवले नाही, कारण तो क्षण आधीच नाजूक असतो. ओव्या बाईंच्या मनोगताच्या आधी ठेवल्या, म्हणजे त्यांना उत्तर द्यायला काहीतरी हाती असेल, आणि ‘या जन्मावर’ मनोगतानंतर, दाराशी चहाचे कप मांडल्याचा आवाज येत असतानाच.

कार्यक्रमात दुसऱ्या ओवीला, ‘हातचा’ या शब्दाशी, मागच्या रांगेतले माजी विद्यार्थी एकदम हसले. त्यांतील एक जण आता बँकेत रोखपाल आहे. बाई प्रथम हसल्या, मग त्यांनी चष्मा काढून पुसला, पण मान खाली घातली नाही. चौथी ओवी संपली आणि मी पेटीचा भाता मिटत असतानाच त्या माइकपाशी आल्या. मनोगताचा कागद त्यांनी टेबलावरच ठेवला होता. मला हाताने ‘थांबा’ अशी खूण करून त्यांनी आमच्याच पट्टीत, थोड्या कापऱ्या पण नेमक्या सुरात म्हटले:

पाचवी माझी ओवी गं, पाच मिनिटांची
घंटा झाली तरी शिकवू ओळ शेवटची

बाईंचा तास घंटेनंतर पाच मिनिटे लांबतो, हे शाळेतील प्रत्येकाला ठाऊक होते. त्यांच्यानंतर त्याच वर्गावर तास असणारे विज्ञानाचे सर वर्षानुवर्षे हातात हजेरीपट घेऊन दाराबाहेर उभे राहत आले आहेत. सभागृहात पहिली टाळी त्यांनी वाजवली, आणि मग उठून, आजही माझी पाच मिनिटे गेली, असे त्यांनी तेथूनच मोठ्याने सांगितले.