मंजुरीआधी स्लॅब ओतला, मग माफीचं पत्र: माझा अनुभव

पत्र लिहायचं काम माझ्याकडे आलं, कारण कॉन्ट्रॅक्टरच्या ऑफिसात क्वालिटीचं टेबल माझं. स्लॅब ओतला साइटवाल्यांनी. इन्स्पेक्शन रिक्वेस्ट दुपारी दिलेली, करारात मात्र 24 तास आधी द्यायची अट. कन्सल्टंटचा इंजिनिअर आला नाही, आरएमसीच्या, म्हणजे प्लँटमधून तयार काँक्रीट आणणाऱ्या गाड्या गेटवर येऊन थांबल्या, आणि फोरमननं पंप सुरू केला. पोर कार्ड म्हणजे ओतण्याच्या परवानगीचा कागद, त्यावर कन्सल्टंटच्या सहीची जागा कोरी. सकाळी क्लायंटकडून एनसीआर, म्हणजे काम ठरल्याप्रमाणे झालं नसल्याची लेखी नोंद हजर, आणि सोबत त्या स्लॅबचं बिल अडकलं.

तिच्या उत्तराचा पहिला मसुदा मालकांच्या सांगण्यावरून झाला: ‘गैरसमजातून हा प्रकार घडला, दिलगीर आहोत, पुढे काळजी घेऊ, क्यूब रिपोर्ट सोबत पाठवू.’ तो परत आला. शब्द बदलून पाठवला, पुन्हा परत. मालक वैतागून म्हणाले, “अरे, एम 30 चं काँक्रीट आहे, क्यूब पास होतील, अजून काय पाहिजे त्यांना?”

खरी गाठ तिथेच होती, आणि ती कन्सल्टंटच्या ऑफिसात कोणी सरळ सांगेना. शेऱ्यात फक्त ‘असमाधानकारक’. शेवटी मीच त्यांच्या इंजिनिअरसमोर जाऊन बसलो, तेव्हा तो म्हणाला, “क्यूबवरून काँक्रीटची ताकद कळते. मी तपासणार होतो ते सळई, कव्हर आणि कंड्यूट. त्याबद्दल तुमच्या पत्रात काय आहे?” काहीच नव्हतं.

त्याचा जीव बाल्कनीत अडकला होता. बाहेर लोंबणाऱ्या स्लॅबमध्ये मुख्य सळई वरच्या बाजूला असते. ओतताना माणसं तिच्यावरून चालतात, तिला खालून उचलून धरणाऱ्या चेअर कमी असतील तर ती खाली दबते. आमचा बाल्कनी स्लॅब 150 मिमी, वरचं कव्हर, म्हणजे सळईवरचा काँक्रीटचा थर, 25, सळई 10 ची. म्हणजे स्लॅबच्या तळापासून सळईच्या मध्यापर्यंतची उपयोगी खोली 120 मिमी. सळई 30 मिमी दबली तर ती 90 उरते, वाकण्याची ताकद साधारण पाव हिश्श्यानं कमी. क्यूबचा रिपोर्ट कितीही चांगला आला तरी यातलं काही दिसत नाही.

आणखी एक चूक मसुद्यात होती: ‘तीन दिवसांत खालून कव्हर मीटरने तपासू.’ कव्हर मीटर काँक्रीटच्या आतली सळई बाहेरून शोधतो, पण खाली प्लेटा आणि टेकू तसेच! आयएस 456 प्रमाणे 4.5 मीटरपेक्षा मोठ्या गाळ्याच्या स्लॅबचे टेकू साध्या सिमेंटला 14 दिवस ठेवायचे. वरची सळई मात्र वरून लगेच तपासता येते. म्हणून क्रम फिरवला: बाल्कनी आणि बीमवरची सळई आधी, खालची शटरिंग निघाल्यावर. कव्हर मीटरला ओव्हरलॅपच्या किंवा दाटीच्या जागी सळईचा व्यास नीट कळत नाही, तिथे डिझायनर दाखवील त्या ठिकाणी थोडं फोडून पाहू, हेही लिहिलं. ओतण्याआधीचे तारीख-वेळेसह फोटो फोरमनच्या मोबाइलवर निघाले. ते मूळ फाइल म्हणून द्या. व्हॉट्सॲपवरून आलेल्या फोटोत वेळेची नोंद राहत नाही.

मालकांना ‘तुमचा माणूस आला नाही’ हे वाक्य हवंच होतं. मी ते काढलं, नुसत्या वेळा ठेवल्या: रिक्वेस्ट किती वाजता दिली, पहिली गाडी किती वाजता आली, पंप कधी सुरू झाला. वाचणाऱ्याला कळायचं ते कळतं, शिवाय रिक्वेस्ट उशिरा दिली हेही लपत नाही.

कारणाच्या रकान्यात ‘समन्वयाचा अभाव’ अजिबात चालत नाही. आमचं खरं कारण असं: आरएमसीची ऑर्डर स्टोअरमधून जायची, तिचा पोर कार्डशी संबंधच नव्हता. गाडी एकदा भरली की आयएस 4926 प्रमाणे दोन तासांत रिकामी करायची, मग गेटवरच्या गाड्यांपुढे फोरमनचा नाइलाज होतो. म्हणून उपाय असा लिहिला:

‘यापुढे कन्सल्टंटची सही असलेल्या पोर कार्डचा नंबर टाकल्याशिवाय स्टोअर ऑर्डर देणार नाही. जबाबदारी: स्टोअर इन्चार्ज. पहिली नोंद पुढच्या स्लॅबसोबत जोडू.’

हे मान्य झालं. सांगायचं राहिलं, करारात ज्याचं नाव अधिकृत प्रतिनिधी म्हणून आहे त्याचीच सही हवी. आमचं एक पत्र निव्वळ त्यावरून परत आलं होतं. आणि पाडापाडी किंवा लोड टेस्टची तयारी आपणहून लिहू नका, तो निर्णय डिझायनरचा.

तपासणीत एका बाल्कनीत वरचं कव्हर 38 मिमी भरलं, म्हणजे उपयोगी खोली 107. डिझायनरनं पुन्हा हिशेब करून ती पास केली. एनसीआर बंद झाली, बिल पुढच्या आरए बिलात आलं. एका बेडरूममध्ये मात्र फॅन बॉक्सच टाकायचा राहिला होता. तिथे सळई न तोडता हूक कसा बसवायचा, याचं वेगळं पत्र सध्या मीच लिहितोय.