उधारी असलेल्यांचाच एसएमएस का जात नव्हता

आमचं सॉफ्टवेअर दूध संकलन केंद्रांवर चालतं. सभासदानं दूध घातलं की वजन, फॅट आणि एसएनएफ, म्हणजे फॅट सोडून दुधातले बाकीचे घन घटक, मशीनमधून थेट नोंदीत येतात, दर लागतो आणि काही सेकंदांत त्याच्या मोबाइलवर एसएमएस जातो. बाहेरच्या माणसाला हा एसएमएस किरकोळ वाटेल. दूध घालणाऱ्याला तो तसा वाटत नाही. फॅट दोन-तीन पॉइंटनं खाली आलं की लिटरमागचे पैसे बदलतात, आणि मशीननं त्या वेळी काय दाखवलं होतं याचा त्याच्या खिशातला पुरावा म्हणजे तो एसएमएस.

सांगली जिल्ह्यातल्या एका संस्थेतून तक्रार आली की काही जणांना हा एसएमएस कधी येतो, कधी येत नाही. हे काही जण कोण, ते गावानं आमच्याआधी शोधून काढलं होतं. ज्यांची संस्थेकडे पशुखाद्याची उधारी किंवा उचल बाकी होती, त्यांचेच एसएमएस गळत होते. त्यावरून गावानं काढायचा तो अर्थ काढला: सचिव कर्जदारांचे मेसेज बंद करतात आणि मागं फॅट कमी लावतात. सचिव मला फोनवर म्हणाले, "मॅडम, माझ्याकडं असलं बटणच नाही. पण हे मी कुणाला पटवू?"

आमच्या सपोर्टनं तोवर 'नेटवर्क प्रॉब्लेम' असं लिहून तक्रार बंद केली होती. हे उत्तर आमच्याकडे फार सहज दिलं जातं, आणि ते चुकीचं आहे हे तपासायला पाच मिनिटं पुरली असती. एसएमएस कंपनीच्या अहवालात त्या नोंदींसाठी आमच्याकडून विनंतीच गेलेली नव्हती. मेसेज हवेत हरवत नव्हता, आमच्या सर्व्हरवरून निघतच नव्हता.

रचना साधी आहे. वेब सर्व्हरवर जँगो, मागं पोस्टग्रेस. नोंद झाली की तिचा क्रमांक घेऊन एक टास्क रेडिसच्या क्यूमध्ये पडतो, आणि दुसऱ्या मशीनवरचा सेलेरी वर्कर तो उचलून एसएमएस पाठवतो. वर्करमधला कोड असा होता:

```python
entry = MilkEntry.objects.filter(id=entry_id).first()
if entry is None:
    return
```

ऑपरेटरनं नोंद रद्द केली तर एसएमएस जाऊ नये, म्हणून कुणीतरी हे लिहिलेलं. हेतू बरा होता. पण नोंद सापडली नाही तर एक ओळही न लिहिता निघून जायचं, याचा मला आजही राग येतो. या तीन ओळींमुळे सगळे टास्क 'यशस्वी' दिसत होते, आणि सेवेच्या फलकावर सगळं हिरवं होतं.

मी तिथं लॉगची ओळ घातली आणि त्याच संध्याकाळी ती उमटली: नोंद नाही. डेटाबेसमध्ये पाहिलं तर नोंद होती, आणि तिचा `created_at` वर्करनं शोधलं त्या क्षणाच्या आधीचा होता. माझ्या सहकाऱ्यानं यावरून ठामपणे सांगितलं की नोंद आधी, शोध नंतर, म्हणजे दोष सेलेरीत आहे. इथेच बरेच जण फसतात. `created_at` ही वेळ नोंद लिहिताना भरली जाते. नोंद लिहिणं म्हणजे पेन्सिलीनं लिहिणं. कमिट झाल्यावरच त्यावर शाई फिरते. तोवर त्या ट्रान्झॅक्शनच्या बाहेरच्या कुणालाही ती ओळ दिसत नाही. मला हवी होती ती कमिटची वेळ, आणि ती टेबलात कुठेच नव्हती.

आमच्या लॉगमधून तर काहीच ठरवता येत नव्हतं. पायथनचा लॉग मुळात मिलिसेकंद दाखवतो, पण कुणीतरी वेळ सुटसुटीत दिसावी म्हणून `datefmt` दिला होता, आणि तो दिला की मिलिसेकंद गळतात. एका सेकंदाच्या आत घडणारी गोष्ट सेकंदाच्या काट्यानं मोजायला निघालो होतो. ते दुरुस्त केल्यावर आणखी विचित्र चित्र दिसलं: वर्करला टास्क मिळाल्याची वेळ, टास्क पाठवल्याच्या वेळेच्या आधीची. वर्करच्या मशीनवर घड्याळ जुळवून ठेवणारी chrony सेवा बंद पडलेली होती आणि ते मशीन सुमारे 200 मिलिसेकंद मागे चालत होतं.

सेवा सुरू केली, तरी दोन मशीनच्या घड्याळांवर माझा विश्वास बसेना. म्हणून सगळ्या वेळा एकाच घड्याळातून घ्यायच्या ठरवल्या: डेटाबेसच्या. दोन्हीकडून `SELECT clock_timestamp()` विचारायचं आणि ते लॉगमध्ये लिहायचं. `now()` इथे चालत नाही. पोस्टग्रेसमध्ये ते ट्रान्झॅक्शन सुरू झाल्याची वेळ देतं आणि शेवटपर्यंत तीच देत राहतं. कमिटच्या वेळेसाठी `track_commit_timestamp` चालू केलं. त्याला डेटाबेस पुन्हा सुरू करावा लागतो आणि जुन्या नोंदींची वेळ मिळत नाही, त्यामुळे दुपारच्या मोकळ्या वेळेसाठी परवानगी मागावी लागली. पुढं नोंदीचा क्रमांक घालून हे विचारता येतं:

```sql
SELECT pg_xact_commit_timestamp(xmin)
FROM milk_entry WHERE id = ...;
```

लॉगची ओळ कुठं घालायची यावरही बराच विचार केला. सहकाऱ्यानं वर्करमध्ये नोंद शोधण्याच्या आधी वेळ विचारली. पण खरा शोध त्यानंतर होतो; ती वेळ कमिटच्या आधीची निघाली, तरी शोधही कमिटच्या आधीच झाला हे सिद्ध होत नाही. मी क्रम उलटा केला. आधी नोंद शोधायची, मग वेळ विचारायची. यात नोंदवलेली वेळ खऱ्या शोधापेक्षा किंचित नंतरची असते. तरीही ती कमिटच्या आधीची निघाली, तर शंकेला जागाच उरत नाही.

संध्याकाळी हे हाती आलं:

```
18:52:07.114  entry written
18:52:07.121  task sent
18:52:07.129  worker: entry not found
18:52:07.483  commit
```

वर्करनं टास्क 8 मिलिसेकंदांत उचलला आणि कमिट त्यानंतर 354 मिलिसेकंदांनी झालं. इतका वेळ का, याचं उत्तर `ATOMIC_REQUESTS` मध्ये होतं. ते चालू असलं की ब्राउझरकडून आलेली प्रत्येक विनंती एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये गुंडाळली जाते आणि कमिट अगदी शेवटी होतं. आमच्या कोडमध्ये टास्क मध्यावर पाठवला जात होता. त्यानंतर ऑपरेटरच्या पडद्यासाठी त्या सभासदाच्या चालू दहा दिवसांच्या बिलाची बेरीज होत होती, आणि बिलातून पशुखाद्य व उचल वजा करायची असेल तर ती खाती उघडून हिशेब होत होता. ज्याची उधारी नाही, त्याचं हे काम काही मिलिसेकंदांत संपायचं आणि कमिट वर्करच्या आधी व्हायचं. ज्याची उधारी आहे, त्याचं लांबायचं.

गावानं पाहिलेला नमुना खरा होता. सभासदांनी कागदावर नावं लिहून, ताडून तो काढला होता. आमच्यातल्या कुणीही तेवढं केलं नव्हतं.

एक गोष्ट मात्र उरत होती. उधारी सगळ्याच संस्थांमध्ये असते, मग तक्रार हिचीच इतकी का? आमच्याकडे सगळ्यांनी सर्व्हरवरच्या ताणाला दोष दिला होता, म्हणून सकाळी साडेसहा ते साडेसातच्या गर्दीतले लॉग पुन्हा पुन्हा चाळले जात होते. तिथं दोष मिळतच नव्हता. गर्दीत क्यूमध्ये शेकडो टास्क साचलेले असतात, नव्या टास्कची पाळी काही सेकंदांनी येते, आणि तोवर कमिट कधीच झालेलं असतं. ही संस्था वाडीवस्तीवरची. तिचं संध्याकाळचं संकलन बाकीच्यांचं उरकत आल्यावर सुरू होतं. त्या वेळी क्यू रिकामा आणि वर्कर मोकळा. टास्क पडला की लगेच उचलला जायचा. सर्व्हर जितका निवांत, तितके मेसेज जास्त गळत होते.

डेव्हलपरच्या मशीनवर हा दोष कधीच दिसला नसता. तिथं `CELERY_TASK_ALWAYS_EAGER` चालू असतं, म्हणजे टास्क क्यूमध्ये जातच नाही, त्याच ट्रान्झॅक्शनच्या आत जागच्या जागी चालतो आणि त्याला स्वतःची अजून पक्की न झालेली नोंद दिसते. मी ते बंद करून खरा वर्कर चालवला आणि टास्क पाठवल्याच्या पुढच्या ओळीत `time.sleep(2)` घातलं. प्रत्येक नोंदीचा एसएमएस चुकला. मग ती ओळ काढून टास्क पाच सेकंद उशिरा पाठवला, तर एकही चुकला नाही. दोन्ही बाजूंनी दोष हवा तेव्हा आणता आणि घालवता येऊ लागला, तेव्हाच मी तो सापडला असं म्हटलं.

यावर आमच्या मॅनेजरनं सुचवलं की तो पाच सेकंदांचाच उशीर कायम ठेवू, आजच प्रश्न मिटेल. मी ठाम विरोध केला. एखाद्या दिवशी बिलाचा हिशेब सहा सेकंद अडकला, तर पुन्हा तेच होणार, आणि तेव्हा ते इतकं विरळ असेल की कुणाला पकडताही येणार नाही. वेळ वाढवून कमिट आणि वर्कर यांच्यातली शर्यत संपत नाही, क्रम बांधून संपते. जँगोमध्ये त्यासाठी सोय आहे:

```python
transaction.on_commit(
    lambda: send_milk_sms.delay(entry.id)
)
```

कमिट झाल्यावरच टास्क क्यूमध्ये पडतो. कमिट झालं नाही तर पडतच नाही. सोबत ते मुकाट `return` काढून तिथं इशारा लिहिला. रद्द नोंदींसाठी रद्द झाल्याची खूण तपासायची, नोंदच नसणं हा वेगळा प्रकार मानायचा. `sleep(2)` ठेवूनही एसएमएस जाऊ लागले, मगच बदल चालू सर्व्हरवर गेला.

यातही एक फट आहे. कमिट झालं आणि टास्क क्यूमध्ये पडण्याआधी रेडिस बंद पडलं किंवा प्रोसेस मेली, तर तो एसएमएस जाणार नाही. पक्का उपाय म्हणजे पाठवायच्या मेसेजची ओळ नोंदीसोबत त्याच ट्रान्झॅक्शनमध्ये वेगळ्या टेबलात लिहायची आणि दुसऱ्या प्रोसेसनं त्या टेबलातून पाठवायचं. मी तो मांडला आहे, अजून वेळ मंजूर झालेला नाही. तोवर रोज रात्री एसएमएस न गेलेल्या नोंदी शोधणारी क्वेरी चालते.

संस्थेला आम्ही 'दोष दुरुस्त केला' एवढंच कळवणार होतो. ते मला पुरेसं वाटेना, कारण तिथं एका माणसावर आरोप झाला होता. मी हट्टानं मराठीत एक पानाचं पत्र लिहून घेतलं: दोष आमच्या सॉफ्टवेअरचा होता, सचिवांकडे मेसेज बंद करण्याची कुठलीही सोय नाही. त्यासोबत एसएमएस न गेलेल्या सगळ्या जुन्या नोंदींची सभासदवार यादी दिली, लिटर, फॅट, एसएनएफ आणि मशीनवरून आलेली मूळ वेळ यांसह. सचिवांनी ती केंद्राच्या भिंतीवर लावली. काही जणांनी ती आपल्या पुस्तकातल्या आकड्यांशी ताडून पाहिली, असं ते म्हणाले. सगळ्यांचं समाधान झालं का, हे मी विचारलं. "निम्म्यांचं झालं मॅडम," ते म्हणाले, "बाकीचे म्हणतात, कागद तर कंपनीच छापते."