गोळी नेमकी कोणत्या तारखेपर्यंत घेतली?

जुलै संपत आला होता, सांगलीत पावसाची झड लागली होती आणि ओपीडीत गर्दी कमी होती. तासगाव भागातली एक चोवीस वर्षांची मुलगी नवरा आणि सासूबाईंबरोबर आली. बसायच्या आधीच तिने गोळ्यांची रिकामी पाकिटं टेबलावर ठेवली. आयसोट्रेटिनॉइन, २० मिलिग्रॅम. चेहऱ्यावरच्या मुरुमांसाठी दोन महिने रोज एक.

सासूबाईच बोलल्या. "मॅडम, दुसरीकडं दाखवलं. या गोळीनं पोराला व्यंग येतंय, ठेवू नका म्हणालेत. तेवढं मोकळं करून द्या म्हंजे झालं."

दुसरीकडे जे सांगितलं होतं त्याला आधार होता. गरोदरपणात बाधणाऱ्या औषधांच्या यादीत ही गोळी अगदी वर आहे. ऐन धोक्याच्या दिवसांत ती पोटात गेली, तर दर पाच बाळांमागे साधारण एकात मोठा दोष सापडतो. एरवी, काहीही न घेतलेल्या गरोदरपणात हे प्रमाण शंभरात तीनच्या आसपास असतं. त्यामुळे त्या कुटुंबाच्या भीतीला मी हसण्यावारी नेलं नाही. पण धोक्याचे दिवस हे ठरावीक दिवस असतात. ते तिच्या पोटातल्या गर्भाला लागू होतात की नाही, हे अजून कोणी मोजलंच नव्हतं.

तिची शेवटची पाळी २० मेची. शेवटची गोळी २८ जूनची, ती तारीख तिला पक्की आठवत होती कारण दुसऱ्या दिवशी ती माहेरी गेली आणि पाकीट संपलेलंच होतं. आमच्याकडे आली २९ जुलैला. पाळीवरून हिशेब केला तर त्या दिवशी दहा आठवडे पूर्ण. गर्भधारणा पाळीनंतर साधारण दोन आठवड्यांनी होते, म्हणजे ३ जूनच्या सुमारास. मग शेवटची गोळी गर्भधारणेनंतर पंचविसाव्या दिवशी गेली, असा अर्थ निघतो.

पंचविसावा दिवस हा फार वाईट दिवस. बाविसाव्या दिवसाच्या सुमारास हृदयाची नळी धडधडू लागते. मेंदू आणि मणका ज्या नळीतून घडतात तिचं डोक्याकडचं तोंड पंचविसाव्या दिवशी मिटतं, खालचं अठ्ठाविसाव्या दिवसाच्या आसपास. हाताचे कोंब याच सुमाराला फुटतात, पायाचे त्यानंतर एक-दोन दिवसांनी. याच काळात त्या नळीच्या काठावरून न्यूरल क्रेस्ट नावाच्या पेशी निघतात आणि चेहरा, कान, हृदयातून निघणाऱ्या मोठ्या रक्तवाहिन्या, थायमस ग्रंथी या सगळ्यांकडे जातात. आयसोट्रेटिनॉइन या प्रवासी पेशींनाच गाठतं. म्हणून या औषधाच्या बाळांमध्ये कान अगदी छोटे किंवा नसलेले, हृदयात दोष आणि मेंदूत बिघाड असं एकत्र दिसतं, आणि हातपाय बहुधा नीट असतात. थॅलिडोमाइड या दुसऱ्या औषधाचं उलट, त्यात हातपायच जायचे. त्याचे धोक्याचे दिवस विसाव्यापासून छत्तिसाव्यापर्यंत होते. त्यातही सुरुवातीच्या दिवसांत गोळी घेतली तर कान जायचे, पुढच्या दिवसांत हात, आणि त्याहून उशिरा घेतली तर पाय. १९६१ मध्ये जर्मनीत डॉ. विडुकिंड लेन्झ यांनी त्या औषधावर बोट ठेवलं. आयांनी गोळी घेतलेल्या तारखा आणि बाळांमधले दोष शेजारी मांडल्यावर हा क्रम दिसला.

तारखांवर मी इतकी अडून बसते ती यामुळेच. आणि इथे तारखेवर मला विश्वास बसत नव्हता. मुलीला पीसीओएस होता. मुरुम त्याचेच, आणि पाळीही कधी पस्तीस दिवसांनी, कधी पन्नास. अशा बाईत पाळीनंतर चौदाव्या दिवशी बीज सुटलं असं धरणं म्हणजे अंदाजावर निकाल देणं.

मी विचारलं, "मधे घरी टेस्ट केली होतीस का गं?"

"केलती की. माहेरी. पाच जुलैला. नाहीच आली."

ही एक ओळ माझ्यासाठी फार मोलाची होती. गर्भधारणा ३ जूनची असती तर ५ जुलैला बत्तीस दिवस झाले असते, आणि तेवढ्या दिवसांत लघवीच्या पट्टीवर दुसरी रेघ ठसठशीत यायला हवी. ती आलीच नव्हती. पट्टीवर दोन रेघा आल्या त्या २४ जुलैला.

आतून सोनोग्राफी केली. पिशवी, योक सॅक, आणि कडेला तांदळाच्या दाण्याएवढा गर्भ. डोक्यापासून ढुंगणापर्यंतची लांबी, ज्याला आम्ही सीआरएल म्हणतो, भरली ५ मिमी. ठोका दिसत होता. ५ मिमी म्हणजे सहा आठवडे दोन दिवस. दहा आठवड्यांच्या गर्भाची लांबी तीन सेंटिमीटरच्या पुढे असते.

मी पाठकोऱ्या कागदावर उलटं मोजून दाखवलं. आज सहा आठवडे दोन दिवस, त्यातले पाळीचे दोन आठवडे वजा केले की गर्भाचं खरं वय तीस दिवस. म्हणजे गर्भधारणा २९ जूनच्या आसपास. शेवटची गोळी २८ जूनला. औषध शरीरातून दहा दिवसांत जवळजवळ निघून जातं, म्हणजे ८ जुलैपर्यंत. तेव्हा गर्भ नऊ दिवसांचा होता, नुकता गर्भाशयाच्या अस्तरात रुजत होता. पहिल्या दोन आठवड्यांत अवयव घडायला सुरुवातच झालेली नसते. इजा मोठी असेल तर गर्भ टिकत नाही, लहान असेल तर उरलेल्या पेशी भरून काढतात. आणि या गर्भाचा ठोका सुरू होता.

सीआरएलच्या मापात पाच दिवसांची चूक धरावी लागते. तीही मी तिच्या विरोधात धरली. गर्भधारणा २४ जूनची मानली तरी औषध निघून गेलं तेव्हा गर्भ चौदा दिवसांचा. न्यूरल क्रेस्ट पेशी निघायला अजून आठवडा होता.

नवरा द्राक्षबागायतदार. इतका वेळ गप्प होता, तो म्हणाला, "म्हंजे फुलोऱ्यात पाऊस आला तर घड गेला, पण छाटणीच्या आधी पडला तर घडाला काय होत नाही, तसं?" मी म्हटलं, अगदी तसंच.

तरी "काहीच धोका नाही" हे शब्द मी वापरले नाहीत. गोळी थांबवल्यावर महिनाभर गरोदर राहू नये असा नियम आहे, आणि इथे महिना गेला नव्हता. सोनोग्राफीत कानाची पाळी आणि हृदय दिसतं, बुद्धी दिसत नाही. हे मी तिघांनाही सांगितलं. आणि हेही सांगितलं की कायद्याने वीस आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरच्या मतावर गर्भपात करता येतो, तेव्हा आज घाईने ठरवायची गरज नाही. आधी तपासण्या होऊ देत. सासूबाईंनी सुनेकडे बघून विचारलं, "तुला काय वाटतंय?" ती म्हणाली, "ठेवायचंय, आत्या."

फॉलिक ॲसिड लिहून दिलं. तीस दिवसांच्या गर्भाची नळी तोवर मिटलेली असते, म्हणून पहिल्या भेटीत ही गोळी लिहिताना मला दर वेळी वाईट वाटतं. ती दिवस राहायच्या महिनाभर आधी सुरू झालेली हवी, आणि आमच्या भागात तशी येणारी जोडपी फार थोडी.

बाराव्या आठवड्याची सोनोग्राफी नीट आली. एकोणिसाव्या आठवड्याला ॲनोमली स्कॅनमध्ये चेहरा, दोन्ही कान, मेंदूच्या पोकळ्या पाहिल्या; हृदयातून निघणाऱ्या दोन वाहिन्या एकमेकींना ओलांडून जाताना दिसल्या. तरी बाळाच्या हृदयाची वेगळी इको करायला मिरजेला पाठवलं. तीही ठीक. मुलगी झाली, पूर्ण दिवसांची, आणि तिची कानाची तपासणी पहिल्या आठवड्यातच करून घेतली.

दीड महिन्याने बाळाला घेऊन आली तेव्हा आईच्या गालावर मुरुम परत आले होते. "ती गोळी आता चालंल का?" तिने विचारलं. बाळ अंगावर पितंय तोवर नाही, म्हटलं. नंतर घ्यायचीच झाली तर त्वचारोगतज्ज्ञांच्या देखरेखीखाली, आधी टेस्ट करून, आणि गोळीच्या एक महिना आधीपासून शेवटच्या गोळीनंतर एक महिन्यापर्यंत पक्कं गर्भनिरोधक. त्याच दिवशी तिने तांबी बसवून घेतली.