कंसातले तास

भाचीने व्हॉट्सॲपवर अभ्यासक्रमाचा फोटो पाठवला आणि खाली लिहिलं, "मावशी, याचं आठवड्यांचं वेळापत्रक करून दे ना." विषय बीएच्या दुसऱ्या वर्षाचा, सूक्ष्म अर्थशास्त्र. कॉलेजच्या नोटीस बोर्डावरचा कागद, त्यावर काच आणि काचेवर ट्यूबलाइट. अशा फोटोत मथळे हमखास नीट येतात. कापला जातो तो उजवा काठ, आणि नेमकी तिथेच कंसात तासांची संख्या असते.

बहुतेक मुलं तो कंस बघतच नाहीत. मुद्दे मोजतात आणि आठवड्यांवर सारखे वाटून टाकतात. पण अभ्यासक्रमात ओळी किती यावरून काही ठरत नाही. या कागदावर चौथ्या घटकात खंड, वेतन, व्याज, नफा आणि त्यांचे सिद्धांत अशी लांबलचक यादी होती, तास मात्र १४. दुसऱ्या घटकात उत्पादन आणि खर्च, जेमतेम चार ओळी आणि तास त्याहून जास्त. वर्गात आकृत्या काढायच्या म्हटल्या की वेळ जातोच, तो ओळींत दिसत नाही.

दुसऱ्या घटकाचे तास मात्र सुरुवातीला कळेनात. आकडा १८ होता की १३, ते ट्यूबलाइटने झाकलं होतं. तिसऱ्या घटकाचा आकडा तर चौकटीबाहेरच गेला होता. पेपर चार क्रेडिटचा. थिअरीला एका क्रेडिटचे १५ तास, म्हणजे एकूण ६० हवेत. पहिला घटक १२ तासांचा, चौथा १४ चा. एकच आकडा हरवला असता तर वजाबाकीने सापडला असता. इथे दुसरा १८ धरला तर तिसरा १६ आणि १३ धरला तर २१. बेरीज दोन्हीकडे ६०. हिशेबाने यापुढे काही कळणार नव्हतं. तिला म्हटलं, तेवढाच कोपरा बाजूला उभं राहून पुन्हा काढ आणि या वेळी फोटो म्हणून नको, डॉक्युमेंट म्हणून पाठव. फोटो म्हणून पाठवला की व्हॉट्सॲप तो आवळतं आणि बारीक अक्षरं पुसट होतात. निघाले १८.

आठवड्याला चार तास धरले की ६० तासांचे १५ आठवडे होतात. पहिला घटक, ग्राहकाचं वर्तन, तीन आठवड्यांत संपतो. दुसऱ्याला साडेचार लागतात, म्हणजे तो आठव्याच्या मध्यावर उरकतो. तिसरा, बाजाराचे प्रकार, तिथून बाराव्याच्या मध्यापर्यंत आणि उरलेले साडेतीन चौथ्याचे. हे अर्धे आठवडे पूर्ण करून टाकायचा मोह होतो. तो आवरावा, कारण सर बुधवारी घटक संपवून गुरुवारी पुढचा सुरू करतात. ते काही सोमवारची वाट बघत नाहीत.

दुसरा घटकही आतून फोडावा लागला. चौथ्या आठवड्यात उत्पादन फलन आणि बदलत्या प्रमाणांचा नियम, पाचव्यात दीर्घकालीन उत्पादन, सहाव्या-सातव्यात खर्चाचे वक्र आणि आठव्याच्या पहिल्या अर्ध्यात प्राप्ती. खर्चाला दोन आठवडे मुद्दाम दिले. सीमांत खर्चाचा वक्र हाताने काढता आला नाही, तर तिसऱ्या घटकातला पूर्ण स्पर्धेतला समतोल नुसता पाठ करावा लागतो. मग मक्तेदारीची आकृतीही पाठच.

मग वाचनाचा रकाना. अभ्यासक्रमाच्या शेवटी संदर्भग्रंथांची यादी असते, पण कुठल्या घटकाला कुठलं प्रकरण ते त्यात नसतं. शिवाय आवृत्ती बदलली की प्रकरणांचे क्रमांकही सरकतात. म्हणून अप्पा बळवंत चौकातून तिने जे पुस्तक आणलं होतं, त्याच्याच अनुक्रमणिकेचा फोटो मागवला आणि घटकातले शब्द त्यात शोधले. खर्चाचं प्रकरण ४० पानांचं निघालं, म्हणजे दोन आठवड्यांत दर आठवड्याला २० पानं. अल्पाधिकाराला मात्र वेगळं प्रकरणच नव्हतं. मक्तेदारीयुक्त स्पर्धेच्या पोटात शेवटची सात पानं होती. पुस्तक उघडलं नसतं तर त्या आठवड्याचा रकाना कोराच राहिला असता.

शेवटी हे १५ आठवडे कॅलेंडरवर बसवले. पुण्यात गणपतीच्या आठवड्यात नवीन प्रकरण लावणं म्हणजे स्वतःशीच थाप मारणं. तिचा पथकाचा सराव त्याच्या आधीपासूनच सुरू होतो. कॉलेजचा दहावा आठवडा कोरा ठेवला आणि पुढचं सगळं एक घर खाली सरकवलं. पूर्ण स्पर्धा त्याच्या आधी संपते, मक्तेदारी विसर्जनानंतर येते. अंतर्गत परीक्षेची तारीख अजून लागलेली नाही, म्हणून तिच्यासाठी शेवटी आणखी एक आठवडा मोकळा.

तक्ता बघून भाचीने विचारलं, "आठवड्याला चारच तास? मस्त!" तिला सांगितलं की बाई, ते सरांचे आहेत. तुझे वेगळे. त्यावर तिने पानांच्या रकान्याशेजारी स्वतःच 'रविवार सकाळ' असं लिहिलं आणि लगेच खोडून 'शनिवार' केलं.